15 माणसांचं प्रेस शॉप: सेफ्टीची सुरुवात कुठून करायची?

"चाकणला छोटी शेड घेतली आहे. 4 पॉवर प्रेस, एक कॉम्प्रेसर, पगारावर 15 माणसं. आम्हाला फॅक्टरीचे नियम लागतात का? सुरुवात कुठून करू?"

आधी डोकी मोजा. महाराष्ट्रात वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी मर्यादा 20 कामगारांची आहे. त्यात ठेकेदाराची माणसंही धरायची. तुमची 15 आणि पॅकिंगला ठेकेदाराची 6 असतील तर झाली 21. शिवाय आजचा आकडा बघून चालत नाही, गेल्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी 20 झाले तरी पुरे. दिवाळीच्या ऑर्डरला किती माणसं उभी होती, ते हजेरीत बघा. आकडा भरला तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नोंदणी लागते. सगळे याला 'डिश' म्हणतात.

हे कागद फिरत असतानाच प्रेसकडे वळा. आमच्या शेडमधली जुनी प्रेस किल्ली क्लचची होती. पेडलवरून पाय काढला तरी एकदा रॅम परत खाली आला. किल्लीची स्प्रिंग तुटली होती. हेल्परचा हात नशिबानं बाहेर होता. घाबरून मी लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशझोतात हात आला की मशीनला थांबायचा सिग्नल देणारं यंत्र, बसवून घ्यायला निघालो होतो. एका जुन्या सेटरनं अडवलं: "साहेब, ही प्रेस एकदा सुटली की मधे थांबतच नाही. कर्टननं हात बघून करायचं काय?" किल्ली क्लचवर हात आत जाणारच नाही, अशीच सोय करावी लागते.

पट्टीतून ब्लँकिंग करत असाल तर ते सोपं आहे. डायभोवती पक्का जाळीचा गार्ड, आणि पट्टी आत सरकायला फक्त फट. फट 6 मिमीपर्यंत आणि डायच्या धारेपासून निदान 10 मिमी लांब ठेवली, तर बोट धारेपर्यंत पोचत नाही. 2 मिमीच्या पट्टीला ती भरपूर होते. तुकडा हातानं ठेवून बेंडिंग करायचं असेल तर हे जमत नाही. तिथे क्लचला जोडलेला सरकता गार्ड लागतो: तो बंद झाल्याशिवाय स्ट्रोक सुटत नाही आणि रॅम वर येऊन थांबेपर्यंत उघडत नाही. चिमटा द्याच, पण त्याला गार्ड समजू नका. घाईत तो टेबलावरच पडलेला असतो.

रोज पाळीच्या सुरुवातीला सेटरनं मालाशिवाय पाच स्ट्रोक मारायचे. रॅम दरवेळी वरच्या टोकालाच थांबला पाहिजे. तो पुढे घसरत असेल तर ब्रेक ढिला झाला किंवा लायनरला तेल लागलं. त्या दिवशी प्रेस बंद, मग डिस्पॅचचा माणूस कितीही ओरडो. तारीख, प्रेसचा नंबर आणि सही वहीत टाका. डाय बदलताना मेन बंद करून फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या. स्विच पाडल्यावरही ते फिरत राहतं, आणि तेवढ्यात पेडलवर पाय पडला की स्ट्रोक येतो.

कॉम्प्रेसरची टाकी आणि डाय उचलायचा चेन ब्लॉक मात्र स्वतः तपासून भागत नाही. त्यांची ठरावीक मुदतीनं तपासणी डिशनं मान्यता दिलेल्या सक्षम व्यक्तीकडूनच करून घ्यायची. चेन ब्लॉकचं वर्षातून एकदा. प्रमाणपत्र घेताना त्यावरचा नंबर टाकीवर ठोकलेल्या नंबरशी जुळवा. आमच्याकडे एकदा शेजारच्या शेडच्या टाकीचाच कागद आला होता.