घरचे म्हणतात ‘खंबीर राहा’, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं कसं?

प्रश्न: गेले काही महिने मन लागत नाही, झोप नाही. घरी सांगितलं तर म्हणतात, ‘खंबीर राहा, असलं काही नसतं.’ डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर लोक काय म्हणतील ही भीती. काय करू?

उत्तर:

घरच्यांची परवानगी मागू नका. तुम्ही सज्ञान असाल तर ओपीडीत तपासून घ्यायला कुणाची सही लागत नाही. डॉक्टरने तुमची माहिती गुप्त ठेवायची, हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. आधी घर पटवू, मग जाऊ, असं म्हणत मी चार महिने घालवले.

आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. 2018 च्या जूनमध्ये वडील गेले. तेराव्याला काकांनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आता तूच कर्ता. तू खचलास तर आईकडं कोण बघणार?” त्यानंतर मी रडलो नाही. ऑक्टोबर छाटणी केली, मजूर सांभाळले, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं. सगळे म्हणायचे, पोरगं खंबीर आहे.

त्या काळात मला ‘उदास’ वाटत नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. डोळा रोज पहाटे तीन-साडेतीनला उघडायचा आणि पुन्हा लागायचा नाही. त्या वेळी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं व्हायचं, संध्याकाळकडं जरा बरं वाटायचं. भाकरी घशाखाली उतरायची नाही. चार महिन्यांत सात किलो वजन गेलं. मी पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, एंडोस्कोपी केली, त्यात काही निघालं नाही. आत्या एका देवऋषाकडं घेऊन गेली, तिथंही गेलो. नोव्हेंबरात घडांचं डिपिंग चालू होतं. टाकीत किती पाण्याला किती औषध टाकायचं हे मला एका सकाळी आठवेना. दहा वर्षं केलेलं काम. मी टाकीपाशी बसून राहिलो आणि गड्याने येऊन विचारलं, “मालक, औषध घालायचं न्हवं?”

आमच्याकडे नैराश्याचा आजार असाच येतो, पोटातून, पाठीतून, झोपेतून. म्हणून तर ‘असलं काही नसतं’ म्हणणाऱ्यांना तो दिसत नाही. मी गेलो तोही शरीराच्याच दाराने. गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांना म्हणालो, “पित्त नाही हो हे. पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, चार महिने झाले.” त्यांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांगितलं, कारण त्यातल्या गडबडीनेही माणूस असाच गळतो. रिपोर्ट नीट आले तेव्हा चिठ्ठी लिहून सिव्हिलच्या मनोविकार विभागात पाठवलं. घरी सांगितलं, तपासणीला चाललोय. खोटं काहीच नव्हतं.

तिथं काय होतं याचीच लोकांना धास्ती असते. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा, बाकड्यावर बसायचं. माझ्या शेजारी एक शाळामास्तर होते आणि बाळाला घेऊन आलेली एक बाई होती. डॉक्टरांनी झोप, भूक, कामात लक्ष लागतं का, दारू किती, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, हे विचारलं. शेवटी सरळ विचारलं, “मरणाचे विचार येतात का?” बागेत फवारणीचं औषध असतं, हे त्यांना माहीत होतं. मी हो म्हणालो. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी खरं बोललो होतो. त्यांनी फवारणीच्या खोलीची किल्ली गड्याकडे द्यायला सांगितली आणि दर आठवड्याला बोलावलं.

एस्सिटॅलोप्रॅमची गोळी सुरू झाली, आठवडाभर पाच मिलिग्रॅम, मग दहा. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि अस्वस्थपणा होता, फायदा काही नव्हता. इथंच बरेच लोक सोडून देतात. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मला तिसऱ्या आठवड्यात एकदा थेट साडेपाचला जाग आली, तेव्हा कळलं.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. जाताना घर अडवतं, ते आपण चुकवू शकतो. पण आपण बरे दिसायला लागलो की घर दुसऱ्यांदा आडवं येतं, आणि ते जास्त महागात पडतं. फेब्रुवारीत माल उतरायला आला, व्यापारी यायला लागले, मी हसून बोलत होतो. काकांना पाकीट सापडलं. “आता बरा हाईस ना? मग डोक्याच्या गोळ्या कशाला? सवय लागंल.” मी त्याच दिवशी गोळी बंद केली. सातच आठवडे झाले होते.

तिसऱ्या दिवशी चक्कर सुरू झाली. मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. काका म्हणाले, “बघ, लागली की नाही सवय?” तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, आज देतो. सवय म्हणजे त्या गोष्टीची तलफ येणं, मात्रा वाढवत जाणं. मला गोळीची तलफ कधीच आली नाही. मेंदू औषधाला जुळवून घेतो आणि एकदम काढलं की आठवडा-दोन आठवडे ठेचकाळतो, म्हणून ती हळूहळू कमी करायची असते. हे झटके दोन-चार दिवसांत सुरू होतात आणि ओसरतात. आजार परत येतो तो सावकाश, काही आठवड्यांनी, आपली जुनीच लक्षणं घेऊन. माझे झटके दहा दिवसांत गेले. मार्चच्या मध्याला पहाटे साडेतीनला परत डोळा उघडला. काका स्वतः पंधरा वर्षं बीपीची गोळी घेतात. बीपी नॉर्मल आलं म्हणून त्यांनी ती कधी बंद केलेली नाही.

मी परत गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, पहिल्यापासून सुरू केलं. पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं, हे या वेळी मी आईला समोर बसवून त्यांच्याच तोंडून ऐकवलं. नंतर आईच रात्री जेवणानंतर गोळी हातावर ठेवायची. शेवटचे दोन महिने कमी-कमी करत ती थांबली. म्हणून सांगतो, सगळं घर पटवू नका. एक माणूस निवडा आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला त्याला सोबत न्या. बाकीच्यांना सांगण्याची गरज मला अजून पडलेली नाही.

काही गोष्टी राहिल्या. माझी गोळी ती तुमची गोळी नव्हे, काहींना नुसत्या समुपदेशनानेही बरं वाटतं. पूर्वी कधी उलटं झालं असेल, म्हणजे दिवसेंदिवस झोप न घेताही अंगात भलताच जोर आणि उधळपट्टी, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावर औषध वेगळं असतं. पंचविशीच्या आत असाल तर गोळीच्या पहिल्या काही आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढतात का, यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. ते विचार आत्ताच येत असतील तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका, सिव्हिलच्या अपघात विभागात कुठल्याही वेळी जा. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरात बोलायची सोय नसेल तर रानात जाऊन लावा.