जुना जीएसटी नंबर रद्द करायची घाई करू नका

प्रश्न: "अंबडला मसाला पॅकिंगचं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. आता प्रायव्हेट लिमिटेड केली, कंपनीचा जीएसटी नंबरही आला. सल्लागार म्हणतात जुना नंबर लगेच रद्द करून टाकू. बँक आणि फूड लायसन्सचं अजून काहीच केलेलं नाही. आधी काय करू?"

रद्दचा अर्ज अजून गेला नसेल तर आज त्यांना फोन करून थांबवा. बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, हे येत नाही.

माझं सातपूरला बेदाणा आणि सुक्यामेव्याचं पॅकिंग आहे. मी सीए नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या सीएकडून तपासून घ्या. पण या एका गोष्टीत आमचं जे नुकसान झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

पॅकिंगच्या धंद्यात माल ५ टक्क्यांनी विकला जातो, पण प्लॅस्टिकचे पाऊच, मशिनरी १८ टक्क्यांनी येते. त्यामुळे क्रेडिट लेजरला पैसे साठत जातात. आमच्याकडे धंदा कंपनीकडे द्यायच्या दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबरला, ४ लाख ८० हजार जमा होते. नवीन कंपनीचा पॅन वेगळा, म्हणून जीएसटी नंबर वेगळा, आणि हे क्रेडिट आपोआप तिकडे जात नाही. ते न्यायला ITC-02 नावाचा फॉर्म आहे आणि तो जुन्या नंबरावरून, तो नंबर चालू असतानाच भरायचा असतो.

आमच्या तेव्हाच्या सल्लागाराच्या ऑफिसने ITC-02 भरलाच नाही. नवीन नंबर हातात आला त्याच आठवड्यात त्यांनी जुन्यावर REG-16 हा रद्दचा अर्ज टाकला, तोही 'धंदा बंद' हे कारण निवडून. धंदा बंद कुठे होता? दुसऱ्या दिवशीही त्याच शेडमध्ये तीच माणसं तोच माल भरत होती. पण कागदावर बंद म्हटल्यावर खात्याने सांगितलं, मग शिल्लक मालावरचं आणि मशीनवरचं क्रेडिट उलटवा. जे कंपनीला द्यायचं होतं तेच सरकारला परत, आणि उरलेलं बंद पडलेल्या लेजरमध्ये अडकलं. वरून, नोंदणी अधिकाऱ्याने स्वतःहून रद्द केली असेल तरच ती पुन्हा चालू करायचा अर्ज करता येतो. आपणच अर्ज करून रद्द करून घेतली की ती वाट बंद. आम्ही अपिलात गेलो, पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या ऑफिसकडून "पोर्टलवर पर्याय दिसला नाही" यापलीकडे उत्तर आलं नाही, याचा राग आजही आहे. फी मात्र त्यांनी पूर्ण घेतली.

आता क्रम. कंपनी स्थापन झाल्याची तारीख आणि कंपनीने धंदा ताब्यात घेतल्याची तारीख एकच असायला हवी असं नाही. ताब्याची तारीख महिन्याच्या १ तारखेला ठेवा आणि ती टेकओव्हर करारात स्पष्ट लिहा. त्या दिवसापासून विक्रीची बिलं कंपनीच्या नंबरावर. सगळा धंदा चालू स्थितीत, येणंदेणं आणि मालासकट दिला तर त्या हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही, पण करारात सगळी देणीही कंपनीकडे जातात हे लिहिलेलं हवं.

जुना नंबर त्यानंतरही निदान दीड-दोन महिने जिवंत ठेवा. कारण सांगतो. समजा ताबा १ ऑक्टोबरला. सप्टेंबरच्या खरेदीची काही बिलं पुरवठादार उशिरा भरतात. ती तुमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पोर्टल दर महिन्याला दाखवतं त्या क्रेडिटच्या यादीत, १४ ऑक्टोबरला दिसली नाहीत तर १४ नोव्हेंबरला दिसतात. म्हणून ऑक्टोबरचं GSTR-3B जुन्या नंबरावर विक्री शून्य दाखवून २० नोव्हेंबरच्या आत भरायचं, राहिलेलं क्रेडिट त्यात घ्यायचं, आणि मग शेवटची शिल्लक ITC-02 मध्ये टाकायची. देणी कंपनीकडे गेली आहेत असं सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेट त्याला जोडावं लागतं. एवढ्यावर काम संपत नाही. कंपनीच्या लॉगिनमध्ये जाऊन ते स्वीकारावं लागतं:

```
Services > User Services > ITC02-Pending for action
```

तिथे स्वीकारल्यावर कंपनीचं क्रेडिट लेजर उघडा. आकडा डोळ्यांनी दिसला की मगच REG-16, आणि कारण धंद्याचं हस्तांतरण. कॅश लेजरला काही असेल तर ते ITC-02 ने जात नाही, त्याचा परतावा वेगळा मागावा लागतो. रद्द झाल्यावर ३ महिन्यांच्या आत GSTR-10, म्हणजे जुन्या नंबराचं शेवटचं रिटर्न. हे बरेच जण विसरतात आणि मग लेट फीची नोटीस येते.

इन्कम टॅक्सचं एकच सांगतो, कारण इथेही सल्लागार सर्रास गडबड करतात. प्रोप्रायटरशिप कंपनीला देताना भांडवली नफ्यावर कर लागू नये यासाठी १९६१ च्या कायद्यात कलम ४७ चा चौदावा खंड होता. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तेवढं सीएला विचारा.) अट अशी की तुम्हाला मोबदला फक्त शेअर्सच्या रूपात मिळाला पाहिजे आणि निम्मे तरी मताधिकार ५ वर्षं तुमच्याकडे राहिले पाहिजेत. बरेच जण जुन्या भांडवलाची शिल्लक कंपनीच्या पुस्तकात 'डायरेक्टरचं कर्ज' म्हणून टाकतात, पुढे हवे तेव्हा पैसे काढता यावेत म्हणून. माझ्या मते हे करूच नये, कारण शेअर्सखेरीज दुसरा मोबदला घेतला असा त्याचा अर्थ निघतो. तुमच्या ताळेबंदात एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तोही कंपनीकडे न्यावा लागेल, आणि त्यासाठी एमआयडीसीची परवानगी आधी घ्या.

बँकेत जुनं करंट खातं बंद करू नका. जुन्या फर्मच्या नावाचे चेक कंपनीच्या खात्यात जमा होत नाहीत आणि जुनी उधारी महिनोन्महिने येत राहते. कॅश क्रेडिट असेल तर ते नुसतं नाव बदलून मिळत नाही, कंपनीच्या नावाने नव्याने मंजुरी लागते. बँक कंपनीचे ताळेबंद मागेल, जे असणारच नाहीत. फर्मचे ३ वर्षांचे ताळेबंद आणि टेकओव्हर करार सोबत न्या.

फूड लायसन्स कंपनीच्या नावाने नवीनच घ्यावं लागतं, जुनं तिच्या नावावर होत नाही. १४ आकडी नंबर बदलतो, आणि तो पाऊचवर छापलेला असतो. उत्पादकाचं नावही. म्हणून आजच गोडाऊनमध्ये जाऊन छापील रोल मोजा आणि नवीन नंबर येईपर्यंत प्रिंटरला मोठी ऑर्डर देऊ नका. एका जागेवर दोन लायसन्सं काही दिवस चालतील का, हे अर्जाआधी अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक ऑफिसात विचारून घ्या. उद्यम नोंदणीही कंपनीच्या पॅनवर नवीन करावी लागेल.

लेजरला किती शिल्लक आहे आणि ताब्याची तारीख करारात काय घातली आहे ते इथे लिहा, म्हणजे जुना नंबर कधीपर्यंत ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.