ग्रीन की ब्लॅक? क्यूएमध्ये कधीच नसलेल्या सुपरवायझरसाठी

«चाकणला ऑटो पार्ट्सच्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, ९ वर्षं अनुभव. ऑन्टारियोला यायचं ठरवतोय. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये कधीच काम केलेलं नाही. इथला एक क्लास म्हणतो, लीन सिक्स सिग्माचे ग्रीन आणि ब्लॅक बेल्ट एकदमच करून टाका, तिकडे उपयोग होईल. नक्की कोणता करू?»

ग्रीन करा, एएसक्यू या अमेरिकन क्वालिटी संस्थेचा करा, आणि परीक्षेला बसण्याआधी स्वतःच्या लाइनवर एक काम शेवटापर्यंत नेऊन दाखवा. ब्लॅक आत्ता नको.

पीआरचं आधी सांगतो, कारण क्लासवाले ते मुद्दाम धूसर ठेवतात. एक्स्प्रेस एन्ट्रीत बेल्टला एकही गुण नाही. ईसीए, म्हणजे शिक्षणाचं मूल्यांकन, होतं ते तुमच्या डिप्लोमाचं. 'सर्टिफिकेट ऑफ क्वालिफिकेशन'चे गुण दिसले की काहींना वाटतं बेल्ट तिथे चालेल, पण ते गुण वेल्डर, मिलराइट अशा ट्रेडसाठी इथल्या सरकारी यंत्रणेने दिलेल्या सर्टिफिकेटचे आहेत. बेल्टचा उपयोग इंटरव्ह्यूला, आणि तोही तुम्ही त्याच्यामागे काय केलंय ते सांगू शकलात तरच.

बेल्ट देणारी एकच अधिकृत संस्था जगात नाही. लीन आलं टोयोटातून, बेल्ट आले मोटोरोलाच्या सिक्स सिग्मातून, आणि पुढे ज्याला हवं त्याने सर्टिफिकेट छापलं. म्हणून रंगाइतकंच ते कोणी दिलं हेही पाहतात. आयएएसएससी या दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेला अनुभवाचीही अट नाही आणि प्रोजेक्टचीही. एएसक्यूच्या ग्रीनला ३ वर्षांचा अनुभव लागतो. इथेच तुम्ही बिचकत असाल, पण त्यांना क्यूएचा हुद्दा नको आहे. त्यांनी अभ्यासक्रमात जे विषय दिलेत त्यांतल्या एक वा अधिक विषयांतलं पूर्णवेळ काम त्यांना हवं आहे. रिजेक्शनचा पॅरेटो, ब्रेकडाउनची कारणं शोधणं, सेटिंगचा वेळ कमी करणं, एफएमईएच्या मीटिंगला बसणं, हे सगळं त्यात येतं. ९ वर्षांत तुम्ही हे केलेलं असणारच, फक्त त्याला वेगळं नाव दिलेलं नसेल. परीक्षेत पुस्तकं जवळ ठेवता येतात, आणि हा बेल्ट एकदा मिळाला की नूतनीकरणाची कटकट नाही.

तुमची कमजोर बाजू वेगळी आहे. सुपरवायझर आकडा आला की थेट मशीनकडे धावतो. तो आकडा खरा आहे का, हे विचारायची सवय क्वालिटीवाल्यांना असते, आपल्याला नसते. ग्रीनच्या अभ्यासात मोजमापाची तपासणी, म्हणजे एमएसए, मन लावून करा असं मी म्हणतो ते याचसाठी. बाकीची आकडेमोड सॉफ्टवेअर करतं.

माझ्या इथल्या लाइनवरचंच उदाहरण घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, ६० मिलिमीटरचा बोअर, एच७, म्हणजे टॉलरन्स फक्त ३० मायक्रॉन. पहिल्या शिफ्टमध्ये बोअर मोठा येतोय म्हणून ऑपरेटर टूलचा ऑफसेट कमी करायचा, आणि संध्याकाळी फायनल इन्स्पेक्शनला तेच जॉब लहान निघायचे. रात्रपाळीला हा त्रास जवळपास नव्हता. सगळ्यांचा संशय मशीनच्या स्पिंडलवर. क्वालिटीने गेज आरअँडआर केला, म्हणजे गेजमुळे आणि मोजणाऱ्यांमुळे मापात किती फरक पडतो ते तपासलं, १० जॉब, ३ माणसं, आणि निकाल १० टक्क्यांच्या आत आला. एआयएजीच्या निकषाप्रमाणे गेज उत्तम. मग गेजवरचा संशय संपला आणि गोष्ट पुन्हा स्पिंडलवर गेली.

पण ती चाचणी झाली होती लॅबमध्ये, थंड जॉबवर. पहिल्या शिफ्टला जॉब मशीनमधून निघाला की लगेच मोजायचे. रात्री माणसं कमी, म्हणून ट्रेभर जॉब साठले की मग मोजायचे. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. जॉब खोलीपेक्षा १५ अंश गरम असेल तर ६० मिलिमीटरवर २० मायक्रॉनची वाढ होते, टॉलरन्सचा दोन-तृतीयांश भाग. गेज सेट केलेली स्टीलची रिंग मात्र खोलीच्याच तापमानाला. याची खात्री करायला तेच १० जॉब निघाल्याबरोबर मोजले आणि २ तासांनी पुन्हा मोजले. प्रत्येक जॉब दुसऱ्या वेळी लहान. ग्रीनच्या पुस्तकात याला पेअर्ड टी-टेस्ट लावतात. आम्हीही लावली, पण दहाच्या दहा एकाच दिशेला गेल्यावर ती फक्त रिपोर्टपुरती उरते. उपाय म्हणून थंड होण्यासाठी रॅक आला, आणि जॉब थंड झाल्याशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही असा नियम कंट्रोल प्लॅनमध्ये गेला.

कोणती शिफ्ट कधी मोजते हे लाइनवरच्या माणसालाच ठाऊक असतं. क्यूएचा अनुभव नसल्याने तुमचं इथे काहीच अडलं नसतं. अडलं असतं ते तापमानाचा अंदाज आकड्यात मांडून सिद्ध करताना, आणि तेवढं ग्रीन शिकवतो.

ब्लॅक बेल्टवाल्याकडून अपेक्षा वेगळी असते. तो दुसऱ्यांचे प्रोजेक्ट चालवतो, अनेक घटक एकाच वेळी बदलून प्रयोग आखतो, ग्रीनवाल्यांना शिकवतो. एएसक्यूला ब्लॅकसाठी सही केलेल्या प्रतिज्ञापत्रासह २ पूर्ण प्रोजेक्ट लागतात, किंवा १ प्रोजेक्ट आणि ३ वर्षांचा अनुभव. शिवाय दर ३ वर्षांनी नूतनीकरण. क्लासचा ब्लॅक घेऊन सुपरवायझरच्या जागेला अर्ज केलात, तर समोरचा नक्की विचारणार: सुरुवातीचा आकडा किती होता, गेज तपासलं होतं का, बचत अकाउंट्सने मान्य केली का, सहा महिन्यांनी सुधारणा टिकली का. यातल्या दुसऱ्याच प्रश्नाला तुम्ही अडखळलात, की नुसता ग्रीन असता तर बरं झालं असतं असं वाटायला लागतं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाजूला बसून मी हे पाहिलंय.

आणि ग्रीनच्या खालचा यलो? तुमच्या शॉपमध्ये नुसतं सेटिंगचा वेळ कमी करण्यासारखंच काम हाती असेल, तर त्याला यलोचं ज्ञान पुरतं. एसएमईडीत घड्याळ, व्हिडिओ आणि थोडी चिकाटी लागते, टी-टेस्ट नाही. पण सर्टिफिकेटवर पैसे घालायचेच तर यलोवर घालू नका.

प्रोजेक्ट निवडताना असा निवडा की बिघाड रोज दिसतो, आकडे तुमच्याच शिफ्टच्या रजिस्टरमध्ये आहेत आणि बदल करायला वरची परवानगी फारशी लागत नाही. चार-पाच महिन्यांत संपला पाहिजे. कागदपत्रांत ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग काहीही नको. आकडे टक्क्यांत लिहा. आणि प्लँट हेडची सही असलेलं पत्र, त्यात तुमची भूमिका, आधीचा आणि नंतरचा आकडा, तारखा, हे राजीनामा द्यायच्या आधी घ्या. पुढे ब्लॅक करावासा वाटला तर प्रतिज्ञापत्रावर सही याच माणसाची लागेल, म्हणून त्यांचा कंपनीबाहेरचा ईमेलही मागून ठेवा.