कोव्हेरिअन्सच्या तक्त्यातलं रिकामं घर

प्रश्न: फोटोतल्या तक्त्यात X आणि Y या दोन गुंतवणुकींच्या परताव्यांचे तीनच आकडे आहेत: 25, −12 आणि 64. मी तिन्ही मिळवले तर 77 आले, पण पुस्तकात Var(X+Y) = 65 दिलंय. माझं काय चुकलं?

फोटो मोठा करून पाहिला. वर उजवीकडचं घर रिकामं आहे, आणि घोळ तिथेच झालाय. ते घर शून्य नाही. X चा Y शी जो कोव्हेरिअन्स, तोच Y चा X शी, म्हणून छापताना तो एकदाच देतात. तुम्ही आधी ते घर भरा:

```
        X     Y
X      25   -12
Y     -12    64
```

आता चारही घरं मिळवा. पहिली ओळ 13, दुसरी 52, एकूण 65.

−12 दोनदा का धरायचा, हे शाळेतल्या (a+b)² मध्येच आहे. व्हेरिअन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी. बेरजेचं अंतर म्हणजे दोघांची अंतरं मिळून, आणि त्याचा वर्ग केला की a² आणि b² सोबत 2ab येतोच. सरासरी घेतल्यावर तो ab म्हणजे कोव्हेरिअन्स:

```
Var(X+Y) = Var(X) + Var(Y) + 2 Cov(X,Y)
         = 25 + 64 + 2(-12) = 65
```

तुमच्या फोटोत उणे चिन्ह घराच्या रेषेला अगदी चिकटलंय, मला ते आधी रेषेचाच तुकडा वाटलं. असं झालं की ताळा घ्यावा. इथे +12 धरलं तर उत्तर 113 येतं, म्हणजे 65 शी जुळणारं चिन्ह उणेच. मात्र Var(X−Y) सुद्धा 113 च येतो, तेव्हा 113 दिसलं की प्रश्न बेरजेचा आहे की वजाबाकीचा, हेही पाहून घ्या. अंक पुसट असेल तर दुसरा ताळा: कोव्हेरिअन्स, चिन्ह सोडून, √(25×64) म्हणजे 40 च्या वर जाऊच शकत नाही. −12 ऐवजी −72 वाचलं गेलं, तर वाचनच चुकलंय हे लगेच कळतं.

कर्णावरचे 25 आणि 64 हे आधीच वर्ग आहेत, त्यांचा पुन्हा वर्ग करू नका. परतावे टक्क्यांत असतील तर त्यांची प्रमाण विचलनं 5 आणि 8 टक्के.

आणखी एक गोष्ट, कारण पुढचं गणित बहुधा तेच असेल. पैसे दोन्हीकडे निम्मे-निम्मे गुंतवले, तर परतावा X+Y नसतो, (X+Y)/2 असतो. तेव्हा 65 ला 2 ने नव्हे, 4 ने भागायचं: 16.25. त्याचं वर्गमूळ सुमारे 4.03 टक्के. म्हणजे एकत्र चढउतार एकट्या X च्या 5 टक्क्यांपेक्षाही कमी. कोव्हेरिअन्स +12 असता तर तेच 28.25 आणि सुमारे 5.3 टक्के झालं असतं.