उकळलं की झालं? पावडरच्या दुधाचं पाणी आणि गावची बोअर

प्रश्न: बाळ दीड महिन्याचं आहे, वजन साडेचार किलो. माझं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं. डब्यावर लिहिलंय की पाणी उकळून कोमट करून घ्या, पण मावशी म्हणते गरम पाण्यातच कालवायचं. नक्की काय? आणि दिवाळीला आठ दिवस यवतमाळकडे सासरी जाणार आहोत, तिथे बोअरचं पाणी आहे. तेही उकळून चालेल ना?

उत्तर: मावशीचं बरोबर आहे. आणि बोअरचं पाणी तपासल्याशिवाय चालणार नाही, उकळूनसुद्धा नाही. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे दुसऱ्या मुद्द्यावर जरा जास्त बोलेन.

आधी गरम पाण्याचं. आपल्याला वाटतं उकळायचं ते पाण्यातले जंतू मारायला. ते खरंच आहे, पण अर्धंच. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू राहू शकतो, क्वचित साल्मोनेलाही. क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. मोठ्या माणसाला तो सहसा काही करत नाही, पण दोन महिन्यांच्या आतल्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात, मेंदूच्या आवरणात तो शिरला तर जिवावर बेततं. 2001 साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका रुग्णालयात नवजात बाळ याच जंतूने दगावलं आणि नंतर तो त्याच पावडरच्या न उघडलेल्या डब्यातही सापडला. हा आजार दुर्मिळ आहे, पण तुमचं बाळ नेमकं धोक्याच्या वयात आहे.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पावडर टाकताना पाणी 70 अंशांच्या खाली गेलेलं नको. त्या तापमानाला पावडरीतले जंतू मरतात. कोमट पाण्यात ते मरत नाहीत, उलट त्यांना वाढायला ती ऊब बरी पडते. प्रोबायोटिक्स घातलेल्या काही पावडरींच्या डब्यांवर मुद्दाम कमी तापमान लिहिलेलं असतं, कारण गरम पाण्यात ते उपयोगी जंतूही मरतात. तुमचा डबा तसला असेल तर डॉक्टरांना दाखवून ठरवा. एरवी या वयात मी 70 अंशच धरेन.

आता 70 अंश ओळखायचे कसे? स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर ब्रिटनमध्ये आयांना सांगतात ती रीत वापरा: किमान एक लिटर ताजं पाणी खळखळून उकळायचं आणि गॅस बंद केल्यावर झाकण ठेवून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. लिटरभर का, तर थोडं पाणी भराभर निवतं. छोट्या पातेल्यात कपभर पाणी उघडं ठेवलं तर ते अर्ध्या तासात कोमट होऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल आपण नियम पाळला.

कालवताना आधी पाणी, मग पावडर. बहुतेक डब्यांवर 30 मिलीला एक चमचा असं प्रमाण असतं, तुमच्या डब्यावर काय आहे ते बघून घ्या. समजा 90 मिली दूध करायचंय. तर 90 मिली गरम पाणी मोजून घ्यायचं आणि डब्यातल्याच चमच्याने तीन चमचे टाकायचे, शीग न ठेवता, सुरीच्या पाठीने सपाट करून. दूध 90 च्या थोडं वर जाईल, जाऊ दे. उलट आधी पावडर टाकून मग 90 च्या रेघेपर्यंत पाणी भरलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. चमचा कोरडा हवा; वाफेने ओला झालेला चमचा परत डब्यात गेला की पावडरीला ओल लागते. आणि पावडर पुरवायची म्हणून पाणी वाढवणं फार वाईट. पातळ दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम खाली जातं आणि झटके येऊ शकतात.

कालवल्यावर भांडं झाकून गार पाण्याच्या वाडग्यात ठेवा, वाडग्यातलं पाणी झाकणाच्या खाली राहील एवढंच. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागलं की पाजा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण वाटी-चमचा उकळून स्वच्छ करणं सोपं. बाटलीच्या बुचाच्या खोबणीत दुधाची साय कुठे अडकते ते दिसतही नाही. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर ते ओतून द्यायचं, पुढच्या पाळीला ठेवायचं नाही. रात्री उठून उकळत बसायचं नसेल तर चांगल्या थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ठेवा आणि पावडर वेगळी. तयार दूध थर्मासमध्ये कधीच नाही.

आता बोअरचं पाणी. उकळून मरतात ते जंतू. पाण्यात विरघळलेले क्षार उकळून जात नाहीत. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात, म्हणजे ते अधिक दाट होतात. बाळाच्या बाबतीत यातलं सगळ्यात घातक म्हणजे नायट्रेट. ते येतं शेतातल्या युरियातून, गोठ्यातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून, आणि पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत भूजलात उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत नायट्रेटसाठी वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही नावं येत राहतात. दिवाळी पावसाळ्याच्या पाठोपाठ येते, तेही ध्यानात घ्या.

नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्यांच्या शरीरात हा बदल उलटवणारं विकर पुरेसं असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ते कमी असतं. मग बाळ निळसर पडतं. 1945 साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरने विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेल्या बाळांची अशीच नोंद केली. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळजवळ नसतो, वरच्या दुधाला असतो, कारण त्यात सगळं पाणी बाहेरचं.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही. समजा तुमच्या बोअरचा आकडा 38 आला. मर्यादेत आहे. पण कोणी काळजीपोटी ते पाणी उघड्या पातेल्यात पाऊण होईपर्यंत आटवलं, तर तेच 38 मिलिग्रॅम पाऊण लिटरमध्ये राहतात, म्हणजे लिटरला जवळपास 51. मर्यादा ओलांडली, तीही काळजी घेण्याच्या नादात. म्हणून एक-दोन मिनिटं खळखळ उकळी पुरे, झाकण ठेवून. आटवायचं नाही, आणि एकदा उकळलेलं पाणी पुन्हा पुन्हा उकळायचं नाही.

नायट्रेटला रंग, वास, चव काही नाही. टीडीएस मीटरवरही ते कळत नाही. तो फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात नायट्रेट किती ते नाही. तुमच्या सासरच्या घरी यूव्हीचा फिल्टर असेल तर त्याचाही इथे उपयोग शून्य. आरओने नायट्रेट कमी होतं, पण पडदा जुना झाला की नीट होत नाही, म्हणून तपासणी करायची तर आरओच्या नळाचीही करा. फ्लोराइडचंही तसंच. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत ते जास्त आहे आणि तेही उकळून जात नाही.

शहरातल्या नळाच्या पाण्याची तुम्हाला एवढी चिंता नको. नदी-धरणाचं शुद्ध करून येणारं पाणी उकळून वापरा. तीन गोष्टी मात्र टाळा: गिझरचं गरम पाणी, मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी कारण त्यात सोडियम वाढतं, आणि टाकी बरेच दिवस धुतलेली नसेल तर टाकीचं पाणी. पावसाळ्यात गढूळ आलं तर ते निवळवून, गाळून मगच उकळायचं.

गावी जाण्याआधी सासऱ्यांना फोन करून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे तपासणीचं किट आहे का विचारायला सांगा. त्यात नायट्रेटची चाचणी असते आणि रंग जुळवून आकडा अंदाजे कळतो. जास्त खात्रीसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत लिटरभर नमुना द्यायचा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते, ती विसळायची नाही. अहवाल हातात आला की आकड्याआधी शेजारचं नाव वाचा. NO3 लिहिलं असेल तर 45 शी तुलना करायची. पण काही अहवालांत नायट्रेट नायट्रोजन, म्हणजे नुसतं N असतं, आणि तिथे मर्यादा 10 च्या आसपास येते. 12 बघून हायसं वाटून घरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ते 12 N चे असतील तर NO3 चे 53 होतात.

तपासणी वेळेत जमली नाही तर सरळ सीलबंद बाटलीचं पाणी घ्या, आयएसआय खूण आणि IS 14543 बघून. गावात मिळणाऱ्या गार जारवर ही खूण बहुधा नसते. साडेचार किलोच्या बाळाला किलोमागे 150 मिली धरलं तर दिवसाला पावणेसातशे मिलीच्या आसपास दूध लागतं, म्हणजे रोज एक लिटरची एक बाटली आणि आठ दिवसांना थोड्या जास्तीच्या धरून दहा. भांडी धुवायला बोअरचं चालेल, शेवटची विसळणी उकळलेल्या पाण्याने. बाटलीचं पाणीही निर्जंतुक नसतं, त्यामुळे उकळायचंच, आणि पावडर 70 अंशांलाच.

तिथे असताना बाळाचे ओठ, जीभ, नखं निळसर-करडी दिसली, विशेषतः जुलाबांबरोबर, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा की दूध कोणत्या पाण्यात केलं होतं. या आजारात प्राणवायू लावूनही निळेपणा जात नाही आणि काढलेलं रक्त चॉकलेटी दिसतं. बोअरचं नाव आधी कानावर गेलं तर डॉक्टर हृदय-फुप्फुसांच्या मागे वेळ न घालवता तिकडे वळतील. यावर मेथिलीन ब्लू हे औषध आहे, पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात मिळण्याची शक्यता जास्त. ते सासरच्या गावापासून किती लांब आहे, तेही त्याच फोनवर विचारून ठेवा.