फॉर्मात रकाना नाही म्हणून

प्रिय मित्रा,

तुझी मेल दोनदा वाचली. शेठ तैवानहून दोन वापरलेली सीएनसी मशिनं आणतायत, विम्याच्या फॉर्मात ‘नवं की जुनं’ असा रकानाच नाही, आणि तू विचारतोस, न विचारलेलं आपण होऊन कशाला सांगायचं?

सांगायचं. लेखी सांगायचं. सागरी विम्याचा आपला कायदा १९६३ चा आहे. त्याचं कलम २० काढून वाच. जोखीम घ्यायची की नाही, घेतली तर किती प्रीमियमला, हे ठरवताना शहाण्या विमा कंपनीला जी गोष्ट विचारात घ्यावीशी वाटेल, ती करार होण्याआधी सांगणं हे विमा घेणाऱ्याचं काम. कंपनीनं विचारायची वाट बघायची नसते.

हे मला कलम वाचून कळलं नाही. २०११ साली इचलकरंजीच्या एका कारखानदाराचे चार रॅपियर माग अँटवर्पहून येत होते. ब्रोकर मी. माग जुने आहेत हे मला ठाऊक होतं, पण कारखानदार म्हणाले, ‘ओव्हरहॉल करून घेतलेत, नव्यासारखेच समजा.’ मी ‘विव्हिंग मशिनरी’ एवढंच लिहिलं आणि सगळ्यात मोठं कव्हर, क्लॉज ‘ए’, घेऊन दिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, हे आजही छातीठोकपणे सांगतो. पण ब्रोकर हा गिऱ्हाइकाचा माणूस. त्याला जे माहीत आहे तेही कंपनीला सांगावं लागतं. हे कलम २१.

समुद्रात काही झालं नाही. न्हावाशेव्याहून निघालेला ट्रेलर खंबाटकी घाटात आडवा झाला आणि दोन मागांच्या फ्रेम वाकल्या. सर्व्हेयर आला, त्यानं फ्रेमवरची पाटी फडक्यानं पुसली. उत्पादन वर्ष १९९६. फोटो काढला आणि काही बोलला नाही. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

पुढं पत्र आलं, सोबत प्रीमियमचा चेक. नुसता दावा नाकारला असता तर प्रीमियम परत केला नसता. प्रीमियम परत येतो याचा अर्थ कंपनी पॉलिसीच मुळापासून रद्द धरते, म्हणजे विमा कधी नव्हताच.

मी भांडलो. ट्रेलर उलटण्याचा आणि माग जुने असण्याचा संबंध काय? काही नाही. आणि तसा संबंध असावा लागतच नाही! नुकसान कशानं झालं हा प्रश्नच नसतो. विमा देताना कंपनीनं काय ठरवलं असतं, हा असतो. जुन्या मशिनरीला कंपन्या बहुधा गंज आणि ओरखडे वगळून कव्हर देतात, नाहीतर कमी व्याप्तीचा ‘बी’ किंवा ‘सी’ क्लॉज. म्हणजे मी लपवलेली गोष्ट महत्त्वाचीच होती.

आता खरी खंत ऐक. गाडी उलटून झालेलं नुकसान सगळ्यात स्वस्त ‘सी’मध्येही धरलेलं असतं. ‘माग जुने आहेत’ एवढं लिहिलं असतं तरी पैसे मिळाले असते. प्रीमियमही कमीच लागला असता, लेका!

इंग्लंडचा नवा नियम दाखवून मला वाद घालू नकोस. तिथं २०१५ च्या कायद्यानं, गोष्ट मुद्दाम किंवा बेपर्वाईनं लपवलेली नसेल, तर ‘खरं सांगितलं असतं तर कोणत्या अटी मिळाल्या असत्या’ ते बघून दावा देतात. आपल्याकडं पॉलिसी उभी राहते, नाहीतर आडवी होते.

‘कंपनीनं इनव्हॉइस मागवायला हवं होतं’ असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. अजूनही थोडं वाटतं. बाजारात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी लागत नाही, हे खरं. पण अमुक माग कोणत्या सालचा, हे बाजाराला कुठून कळणार?

दुसरी गोष्ट तू मेलमध्ये जाता जाता लिहिलीस, मला मात्र तीच जास्त टोचली. मशिनं भागीदारी फर्मच्या नावावर आणि पॉलिसी थोरल्या शेठच्या कंपनीच्या नावावर? नुकसान होईल त्या वेळी पॉलिसीवाल्याचा त्या मालात इन्शुरेबल इंटरेस्ट असावा लागतो, म्हणजे माल बुडाला तर त्याच्या खिशाला चाट बसली पाहिजे. विमा घेताना तो नसला तरी चालतो. तुमची खरेदी एफओबी आहे, म्हणजे मशिनं जहाजावर चढली की धोका फर्मचा. थोरल्या शेठच्या कंपनीचा एक रुपयाही त्यात अडकलेला नाही. ‘घरचंच आहे’ हे सर्व्हेयरला सांगून बघ.

तेव्हा आजच विमा कंपनीला मेल टाक: मशिनं वापरलेली, उत्पादन वर्ष हे, खरेदीची किंमत ही, पॅकिंग असं, खरेदीदार ही फर्म. त्यांचं उत्तर येऊ दे आणि ‘वापरलेली मशिनरी’ हे शब्द पॉलिसीवर छापून येईपर्यंत जहाजात माल चढवू देऊ नकोस. फोनवर सांगितलेलं धरू नकोस. अटी कडक आल्या तर घे. शेठ ओरडले तर माझा नंबर दे, मला त्यांच्या वडिलांचंही ओरडणं सवयीचं आहे.

तैवानवाल्याकडून दोन्ही मशिनांच्या पाट्यांचे फोटो मागव आणि त्याच मेलला जोड. मला प्रत टाकायला विसरू नकोस.

तुझा,
काका