ऋतुजा, ज्ञानेश्वर, दीक्षित: मराठी यादीवरून इंग्रजी नावं लिहिताना

प्रश्न: माझ्याकडे तीनशे जणांची मराठी यादी आहे. त्यावरून इंग्रजीत प्रमाणपत्रं तयार करायची आहेत. ऋतुजा, ज्ञानेश्वर, दीक्षित अशा नावांचं बरोबर स्पेलिंग कोणतं? काही ठरलेला नियम आहे का? प्रत्येकाला विचारत बसणं शक्य नाही.

उत्तर: नियम नाही, आणि विचारावं लागेलच. पण वाटतं तेवढं ते अवघड नाही. मी 22 वर्षं शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये नावं मराठीत, आणि दहावीचा फॉर्म भरायचा इंग्रजीत. म्हणजे तुमच्यासमोर आज जे काम आहे ते मी दर वर्षी करतो.

तुमचीच तीन नावं घेऊ. ऋतुजा हे नाव मी जन्मदाखल्यांवर Rutuja, Rituja आणि Hrutuja अशा तिन्ही तऱ्हांनी पाहिलेलं आहे. आपण मराठीत ऋ चा उच्चार 'रु' करतो, हिंदीत तो 'रि' होतो, आणि सुरुवातीचा H बहुधा हृषीकेश, हृदय यांतल्या 'हृ'च्या सवयीनं लागतो. ज्ञ चंही तेच. आपल्या तोंडी तो 'द्न्य', म्हणून Dnyaneshwar. हिंदीत तो 'ग्य', म्हणून Gyaneshwar. शिवाय शेवटच्या 'श्व'साठी काही जण w लिहितात, काही जण v, त्यामुळे Dnyaneshvar सुद्धा सापडतं. दीक्षित तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे: माधुरी दीक्षित Dixit लिहितात, शीला दीक्षित Dikshit लिहायच्या. यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं कोण म्हणणार?

आता गुणाकार करा. ऋतुजाची तीन, ज्ञानेश्वरची तीन, दीक्षितची दोन. 'ऋतुजा ज्ञानेश्वर दीक्षित' हे एकच नाव इंग्रजीत 18 तऱ्हांनी लिहिता येतं, आणि अठराही वाचताना खटकणार नाहीत. तुमच्या यादीतल्या ऋतुजाच्या कागदांवर मात्र त्यातलं एकच आहे. मराठी यादीकडे कितीही वेळ पाहिलं तरी ते कळणार नाही, कारण ती माहिती त्या यादीत नाहीच. कॉम्प्युटरकडून यादीचं लिप्यंतर करून घेतलं तरी हेच. तो प्रत्येक ऋतुजाला एकच स्पेलिंग लावेल आणि अक्षराला अक्षर जोडत जाईल. 'चव्हाण'चं अक्षरशः Chavhan होतं, पण कितीतरी चव्हाण Chavan लिहितात.

अंदाज चुकला की काय होतं ते एकदा माझ्या टेबलावर पाहिलं आहे. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. रजिस्टरवर 'ऋतुजा' होतं, मी फॉर्मवर Rutuja लिहिलं. आदल्या वर्षीच्या दोन ऋतुजा तशाच होत्या, म्हणून मनात शंकासुद्धा आली नाही. काही वर्षांनी त्या मुलीचे वडील प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आले आणि एकेक कागद माझ्यासमोर मांडत गेले. जन्मदाखला Hrutuja, आधार Hrutuja, दहावीचं प्रमाणपत्र Rutuja, आणि त्यावरून अकरावीपासूनचं सगळं Rutuja. पासपोर्टसाठी कागद जुळवायला घेतले तेव्हा ही गोष्ट घरात लक्षात आली होती. ते रागावले नाहीत. "साहेब, यातलं आता कोणतं बदलायचं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. बोर्डाचं प्रमाणपत्र दुरुस्त करायचं तर शाळेमार्फत प्रस्ताव, रजिस्टरचा उतारा, जन्मदाखला. आणि त्यानंतरचे सगळे कागद पुन्हा. उलट बाजूनं आधार बदलायचं, तर आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी माझ्या अंदाजापायी गेली असती. फक्त एका H साठी. ते फोल्डर मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे तोंडी विचारत नाही, कागद मागतो. "तुझं स्पेलिंग काय?" असं विचारलं की मुलं रोज वहीवर लिहितात ते सांगतात, आणि ते दाखल्यावर असतंच असं नाही. दहावी झालेला माणूस असेल तर बोर्डाचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट. शाळकरी मूल असेल तर जन्मदाखला, आणि त्याच्या शेजारी आधार. एकट्या आधारवर मी थांबत नाही, कारण तिथंही नाव कोणीतरी टाइपच केलेलं असतं. दोन कागद जुळले की निर्धास्त.

जुळले नाहीत तर? इथं मनानं एक निवडायचं नाही, मग तुम्हाला कोणतंही जास्त बरोबर वाटो. दोन्ही स्पेलिंगं त्या माणसाला दाखवायची, फरक कुठं आहे ते बोट ठेवून सांगायचं, आणि त्याला हवं ते त्याच्याच हातानं लिहून सहीसकट घ्यायचं. कित्येकांना आपले कागद जुळत नाहीत हे तेव्हाच पहिल्यांदा कळतं. पॅन आणि आधार जोडताना नाव न जुळल्यामुळे अडकलेले पालक तर दर वर्षी भेटतात.

वडिलांच्या नावाकडेही तेवढंच लक्ष द्या. मुलीचं स्वतःचं नाव तपासून मधलं नाव मात्र अंदाजानं टाकायचं, ही चूक मी फार ठिकाणी पाहतो. मधलं नाव हे दुसऱ्या माणसाचं पहिलं नाव आहे आणि त्याच्या कागदांवर त्याचं स्पेलिंग ठरलेलं आहे. वडील Gyaneshwar लिहीत असतील तर मुलीच्या नावात Dnyaneshwar कसं चालेल?

दुसरं, चिठ्ठी. अर्ध्या पानाची, वर मराठी नाव छापलेलं, खाली चौकटी. प्रत्येक चौकटीत एक कॅपिटल अक्षर, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव यांच्या वेगळ्या ओळी. चौकटी असल्या की U आणि V, किंवा W आणि दोन V यांतला गोंधळ उरत नाही. ओळी वेगळ्या ठेवायचं कारण असं की आपल्याकडे काही कागदांवर आडनाव आधी येतं, काहींवर शेवटी, आणि किरण किंवा मोहन अशी नावं आडनावासारखीही वापरात असली की नवख्या माणसाला कोणतं कुठलं ते समजत नाही.

फोनवर विचारण्याची वेळ आली तर अक्षरं नुसती ऐकू नका. बी, डी, पी, टी फोनवर सारखीच ऐकू येतात, एम आणि एन तर फारच. आमच्या कार्यालयात आम्ही गावं जोडतो: एम मुंबईचा, एन नागपूरचा, डी दिल्लीचा, बी बीडचा, पी पुण्याचा. दीपकला विचारायचं, "डबल ई की आय?" पूजाला, "डबल ओ की यू?" आणि शेवटी सगळं नाव अक्षर अक्षर करून आपण परत म्हणून दाखवायचं. तरीही फोननंतर त्या कागदाचा फोटो मागवून घ्या. फोनवर स्पेलिंग कळतं, खात्री फोटोनंच होते.

तिसरा भाग टायपिंगचा. माहिती अचूक हातात असूनही इथं नावं बिघडतात. Dnyaneshwar मधला n निसटून Dyaneshwar होतं, किंवा a निसटून Dnyneshwar. आणि ते तपासताना दिसत नाही, कारण डोळा अक्षरं वाचत नाही, ओळखीचं नाव वाचतो. म्हणून तपासणी टाइप करणाऱ्यानं करायची नाही. दुसऱ्यानं करायची, आणि नाव शेवटाकडून सुरुवातीकडे एकेक अक्षर वाचत. r, a, w, h, s असं उलटं गेलं की नाव म्हणून ते ऐकूच येत नाही, नुसती अक्षरं उरतात आणि निसटलेलं लगेच लक्षात येतं.

तीनशे नावं असतील तर याहून चांगली सोय आहे. चिठ्ठ्यांवरून दोघांनी एकमेकांचं न बघता नावं टाइप करायची, सगळी कॅपिटलमध्ये. एकाची B रकान्यात, दुसऱ्याची C रकान्यात. मग D मध्ये हे:

```
=EXACT(TRIM(B2),TRIM(C2))
```

जिथं FALSE येईल तेवढ्याच चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या. TRIM मुळे मागेपुढे चुकून पडलेल्या मोकळ्या जागा आड येत नाहीत. दोघांनी एकाच अक्षरावर सारखीच चूक केली तर ती यातून सुटेल, पण तसं क्वचित घडतं. त्यासाठी पुढची पायरी आहेच.

ती म्हणजे कच्ची प्रत. दहावीच्या वेळी बोर्डाकडून प्री-लिस्ट येते आणि विद्यार्थ्याला ती दाखवून सही घेतली जाते, तसंच तुम्ही करा. सही घेताना "बघून घे बरं का" म्हणून कागद पुढं सरकवू नका. मूळ कागद शेजारी ठेवायला सांगा. माझ्याकडे एका मुलानं मान हलवली होती, सही करायला पेन उचललं होतं, आणि आधार कार्ड शेजारी ठेवल्यावर त्याला दिसलं की आपलं Laxman आहे, यादीत Lakshman छापलंय.

एक उलटी बाजूही सांगून ठेवतो, कारण कधीतरी तुम्हाला इंग्रजी यादीवरून मराठी प्रमाणपत्रं करावी लागतील. तिथंही अंदाज चालत नाही. Sathe हे साठे की साथे, Kale हे काळे की काले, हे इंग्रजीवरून कळत नाही. ळ, ठ, आणि ऱ्हस्वदीर्घ तिथं हरवलेलं असतं.

आता वेळेचं. चिठ्ठी भरायला एका माणसाला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं त्याची जातात, तुमची नाही. चिठ्ठी आणि कागदाचा फोटो द्यायची तारीख ठरवून आधीच कळवा. माझ्या अनुभवात तरी शेवटी मागं लागावं लागतं ते थोड्याच जणांच्या. त्यांची प्रमाणपत्रं अंदाजानं छापू नका, बाजूला ठेवा. बाकीची वाटून टाका आणि उरलेल्यांना सांगा की कागद दाखवलात की त्याच दिवशी छापून देऊ. प्रमाणपत्र हातात हवं असलं की लोक येतात, आणि येताना कागदही घेऊन येतात. चिठ्ठ्या मात्र वाटप झाल्यावर टाकून देऊ नका, सहीसकट फाइलला लावा. दोन वर्षांनी कोणी "माझं नाव चुकवलंत" म्हणून आलं, तर चूक टायपिंगची की त्यानंच तसं लिहून दिलं होतं, हे ती चिठ्ठी काढून दोघांनाही बघता येतं.